अल्फा किती आला?

एम.एड. किंवा पीएच.डी.च्या विद्यार्थ्याने प्रश्नावली तयार केली की मार्गदर्शकांचा एक प्रश्न ठरलेला असतो : अल्फा किती आला? ०.७०च्या वर आला तर पुढच्या प्रकरणाला हात घातला जातो. खाली आला तर एखाद-दुसरं विधान गाळून संगणकाला पुन्हा विचारलं जातं. हा आकडा विधानांवर मिळालेल्या गुणांतूनच निघतो आणि तो काढायला शाळेतलं अंकगणित पुरतं. तरीही तो एकदा तरी हाताने काढून पाहिलेली माणसं फार थोडी भेटतात. त्यामुळे तो काय सांगतो आणि काय सांगू शकत नाही, याचा विचारही कमीच होतो.

माझ्या परिचयातल्या दोघांची या आकड्याबद्दलची मतं अगदी विरुद्ध टोकांची आहेत. सरांनी महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवलं. चाचणी एकदाच घेऊन तिच्या विश्वसनीयतेबद्दल काही सांगायचं असेल तर अल्फाइतकं स्वच्छ साधन नाही, असं ते मानतात. बाई माध्यमिक शाळेत गणित शिकवतात आणि मुलांच्या मनातल्या गणिताच्या भीतीवर प्रश्नावली तयार करत आहेत. अल्फाच्या मागे लागून चांगल्या प्रश्नावल्यांची वाट लागते, असं त्यांचं ठाम मत आहे. दोघं समोरासमोर बसले तेव्हा झालेलं बोलणं पुढे देतो. जिथे राहवलं नाही तिथे मधे मीही बोललो आहे.

बाई : सर, मी आधीच सांगते. प्रश्नावली बरी की वाईट हे विधानं वाचून कळतं. 'गणिताचा तास जवळ आला की पोटात गोळा येतो' हे वाक्य मी मुलांच्या तोंडून ऐकलंय, म्हणून घेतलंय. त्याला आकड्याचं शिफारसपत्र कशाला हवं?

सर : वाक्य उत्तमच आहे. पण तुम्ही मुलांना एकेका वाक्यावर जोखत नाही. चारही वाक्यांच्या गुणांची बेरीज करता आणि म्हणता, याची भीती एकोणीस, तिची सहा. बेरीज केलीत तिथेच तुम्ही एक दावा केलात की ही वाक्यं बेरीज करण्याजोगी आहेत. तो दावा वाक्यं कितीही वेळा वाचून तपासता येत नाही. तो मुलांनी दिलेल्या गुणांवरूनच तपासावा लागतो.

बाई : मग पंधरा दिवसांनी तीच प्रश्नावली पुन्हा देते. त्याच मुलाने तेच उत्तर दिलं की झाली विश्वसनीय.

सर : जरूर द्या. पण पंधरा दिवसांत घटक चाचणी होऊन जाते. एखाद्याला चांगले मार्क पडतात आणि त्याची भीती खरोखरच कमी होते. मग गुण बदलले ते प्रश्नावली कच्ची म्हणून, की मुलगाच बदलला म्हणून, हे कसं सांगणार? शिवाय काही मुलांना आधीची उत्तरं आठवतात. म्हणून जुन्या लोकांनी अर्धविच्छेद पद्धत काढली. चाचणी एकदाच घ्यायची, सम क्रमांकाची विधानं एकीकडे, विषम दुसरीकडे, आणि दोन्ही भागांत मुलांची क्रमवारी सारखी लागते का ते बघायचं.

बाई : ती पद्धत मला माहीत आहे आणि तिच्यातली गोमही माहीत आहे. कुठे दुभागलं त्यावर उत्तर बदलतं.

सर : अगदी बरोबर. वीस विधानांचे दहा-दहाचे दोन भाग ९२,३७८ प्रकारांनी पाडता येतात. त्यातली कुठली विभागणी खरी मानायची? ली क्रॉनबाख यांनी १९५१ साली 'सायकोमेट्रिका' या नियतकालिकात लिहिलेल्या निबंधात दाखवून दिलं की अल्फा हा या सगळ्या विभागण्यांमधून मिळणाऱ्या विश्वसनीयतेची सरासरी आहे. दुभागणाऱ्याच्या मर्जीवर काही उरत नाही.

इथे एक गोष्ट नोंदवायला हवी. सूत्र क्रॉनबाख यांच्या नावाने चालत असलं तरी ते त्यांनी शून्यातून घडवलेलं नाही. बरोबर-चूक अशा प्रश्नांसाठी क्यूडर आणि रिचर्डसन यांनी १९३७मध्येच तसं सूत्र दिलं होतं. त्यांच्या लेखातलं ते विसावं सूत्र, म्हणून ते आजही केआर-२० म्हणून ओळखलं जातं. लुई गटमन यांनी १९४५मध्ये हेच माप वेगळ्या वाटेने मांडलं. सूत्राला आपलं नाव चिकटलं याचा क्रॉनबाख यांना उत्तरायुष्यात संकोच वाटत असे. त्यांच्या निधनानंतर २००४मध्ये प्रसिद्ध झालेल्या लेखात त्यांनी तसं मोकळेपणाने म्हटलं आहे. अल्फाला सगळ्या प्रश्नांचं उत्तर मानणाऱ्यांनी तो लेख जरूर वाचावा.

बाई : सरासरी वगैरे ठीक आहे. पण माझ्याकडे पाच मुलांचा तक्ता आहे. प्रश्नावली मोठ्या गटाला देण्याआधी भाषा कळते का ते बघायला घेतला होता. १ म्हणजे 'मुळीच नाही', ५ म्हणजे 'पूर्णपणे लागू'. पहिलं विधान पोटात गोळा येण्याचं. दुसरं, 'फळ्यावर गणित सोडवायला बोलावलं की हात थरथरतात'. तिसरं, 'गणिताच्या पेपरच्या आदल्या रात्री झोप लागत नाही'. चौथं, 'गणित सोडवताना मला मजा येते'. यावर दाखवा तुमचा अल्फा.

| विद्यार्थी | विधान १ | विधान २ | विधान ३ | विधान ४ | बेरीज |
|---|---|---|---|---|---|
| अ | ५ | ४ | ५ | १ | १५ |
| ब | ४ | ४ | ३ | २ | १३ |
| क | ३ | ३ | ४ | ४ | १४ |
| ड | २ | २ | १ | ३ | ८ |
| इ | १ | २ | २ | ५ | १० |

सर : पाच मुलांवरून निष्कर्ष काढायचा नसतो, पण रीत समजायला पाच पुष्कळ झाली. आधी प्रत्येक विधानाचं प्रचरण काढू, म्हणजे त्या विधानावर मुलं एकमेकांपासून किती विखुरली आहेत ते. पहिल्या विधानाची सरासरी ३. सरासरीपासूनचे फरक २, १, ०, −१, −२. त्यांचे वर्ग ४, १, ०, १, ४, बेरीज १०. पाच मुलं, म्हणून प्रचरण २. दुसऱ्या विधानाचं तुम्ही काढा.

बाई : सरासरी ३. फरक १, १, ०, −१, −१. वर्गांची बेरीज ४. प्रचरण ०.८. तिसऱ्याचं पुन्हा २ आणि चौथ्याचंही २. चारही मिळून ६.८.

सर : आता शेवटच्या रकान्याचं, म्हणजे एकूण बेरजेचं प्रचरण. सरासरी १२. फरक ३, १, २, −४, −२. वर्ग ९, १, ४, १६, ४, एकूण ३४. भागिले पाच, ६.८. आता सूत्र लिहा.

```
α = k/(k−1) × (1 − Σs²ᵢ / s²ₜ)
```

`k` म्हणजे विधानांची संख्या, `Σs²ᵢ` ही विधानांच्या प्रचरणांची बेरीज, `s²ₜ` हे एकूण गुणांचं प्रचरण. चौकटीतल्या कंसात १ वजा ६.८ भागिले ६.८. उत्तर शून्य.

बाई : शून्य? अ हा मुलगा गणिताच्या तासाला कसा बसतो ते मी रोज बघते. पाचपैकी सगळ्यात घाबरट तोच आहे आणि त्याची बेरीजही सगळ्यात जास्त आहे. तुमचा आकडा म्हणतो, या बेरजेत काही अर्थच नाही?

सर : आकड्यावर रागावू नका, तक्त्यातली अची ओळ वाचा. ५, ४, ५ आणि मग एकदम १.

बाई : अरेच्चा, चौथं विधान उलट आहे. मजा येते म्हणणारा घाबरट नसतो. त्याचे गुण उलटवायला हवेत, सहातून वजा करून. १चे ५, २चे ४, ४चे २, ३चे ३, ५चा १.

सर : मग बेरजा होतात १९, १५, १२, ८, ६. सरासरी तीच, १२. फरक ७, ३, ०, −४, −६. वर्ग ४९, ९, ०, १६, ३६, एकूण ११०, म्हणून प्रचरण २२. विधानांची प्रचरणं मात्र होती तशीच, कारण उलटवल्याने विखुरणं बदलत नाही. ६.८ भागिले २२ म्हणजे ०.३१. एक वजा ०.३१ म्हणजे ०.६९. त्याला चार-तृतीयांशाने गुणलं की ०.९२. एक विधान उलटवायचं राहिलं तर शून्य, उलटवलं की ०.९२. तुमची वाक्यं वाचून ही चूक कुणाच्या लक्षात आली असती का?

या हिशोबात अल्फाचं सगळं मर्म दिसतं. एकूण बेरजेचं प्रचरण दोन गोष्टींनी बनतं. एक, प्रत्येक विधानाचं स्वतःचं विखुरणं, म्हणजे इथले ६.८. दुसरी, विधानांनी जोडीजोडीने एका दिशेला सरकणं, ज्याला सहप्रचरण म्हणतात. २२तून ६.८ वजा केले तर उरलेले १५.२ हे निव्वळ या एकत्र सरकण्याचे आहेत. पहिल्या तक्त्यात तीन विधानं एका बाजूला आणि चौथं दुसऱ्या बाजूला, अशी रस्सीखेच चालली होती, त्यामुळे दोर जागचा हलला नाही. विधानांची ओढ आणखी विरोधी असती तर अल्फा शून्याच्याही खाली गेला असता. ऋण अल्फा दिसला की आधी उलट विधानं तपासावीत. बहुतेक वेळा दोष तिथेच सापडतो.

बाई : तो चार-तृतीयांश कशासाठी? दुरुस्तीसाठी कुणीतरी ठोकून दिल्यासारखा वाटतो.

सर : समजा चारही विधानं शब्दशः एकच आहेत आणि प्रत्येकाचं प्रचरण २ आहे. प्रचरणांची बेरीज ८. एकूण गुण हे एका विधानाच्या चौपट, म्हणून त्यांचं प्रचरण सोळापट, ३२. एक वजा ८ भागिले ३२ म्हणजे ०.७५. पूर्ण एकमत असूनही पाऊणच! चार-तृतीयांशाने गुणलं की नेमका १ येतो. पूर्ण सुसंगतीला १ यावा यासाठीच ती व्यवस्था आहे.

बाई : आणि पाचाने भागायचं की चाराने?

सर : दोन्हीकडे एकच भाजक असला की काही फरक पडत नाही. पण एक्सेलमध्ये विधानांसाठी `VAR.P` आणि बेरजेसाठी `VAR.S` वापरलंत तर याच तक्त्यात ६.८ भागिले २७.५ होईल आणि अल्फा १.००४ निघेल. अल्फा एकाच्या वर कधीच जात नाही. गेला तर सूत्र कुठेतरी चुकलंय हे नक्की समजा.

बाई : ठीक, उलट विधानाची गोष्ट मान्य. त्याबद्दल आभारही. पण आता माझी तक्रार ऐका. माझ्या मैत्रिणीने हाच तक्ता SPSSमध्ये घातला. तिथे `Cronbach's Alpha if Item Deleted` असा एक रकाना येतो. तिसऱ्या विधानापुढे ०.९४ आलं. म्हणजे झोप न लागण्याचं विधान काढलं तर ०.९२चा अल्फा ०.९४ होतो. मैत्रीण म्हणाली, काढून टाक, आकडा सुधारेल.

सर : हिशोब बरोबर आहे. तीन विधानांची प्रचरणं २, ०.८ आणि २, मिळून ४.८. उरलेल्या बेरजा १४, १२, ८, ७, ४, त्यांचं प्रचरण १२.८. दीड गुणिले ०.६२५ म्हणजे ०.९४. काढायला हरकत नाही, निदान आकड्याच्या दृष्टीने.

बाई : हरकत मला आहे! पहिलं आणि दुसरं विधान वर्गातल्या भीतीचं. चौथं गणित आवडण्या-नावडण्याचं. परीक्षेच्या भीतीचं एकच विधान आहे, ते तिसरं. माझ्या वर्गात अशी मुलं आहेत, जी तासाला हसतखेळत असतात आणि पेपरच्या आदल्या रात्री रडतात. ते विधान काढलं की ही मुलं माझ्या प्रश्नावलीतून नाहीशी होतील. आकडा दोन शतांशांनी वाढेल आणि प्रश्नावलीचा एक हात तुटेल.

सर : पण ते विधान बाकीच्यांशी कमी जुळतंय, हे तर खरं.

बाई : कमी जुळतंय म्हणजे किती कमी?

सर : बघू. तिसऱ्या विधानाचे गुण एकीकडे आणि उरलेल्या तीन विधानांची बेरीज दुसरीकडे. सहसंबंध येतो ०.७१. छे, हा तर चांगलाच आहे. पुष्कळ ठिकाणी ०.३०च्या वरचं विधान बिनघोर ठेवतात.

बाई : म्हणजे विधान चांगलं आहे, तरी रकाना सांगतो की काढा.

सर : रकाना काढा असं म्हणत नाही, काढलं तर काय होईल ते सांगतो. काढा असं माणसं ऐकतात. आणि पाच मुलांच्या तक्त्यात ०.९२ आणि ०.९४ यांत फरक करणं हे तर संख्याशास्त्राला धरूनच नाही. सहावा मुलगा आला की दोन्ही आकडे इकडचे तिकडे होतील. तिसरं विधान ठेवा. या मुद्द्यावर मी तुमच्या बाजूचा.

मला इथे बाईंचं म्हणणं फार मोलाचं वाटतं. आकडा वाढावा म्हणून विधानं गाळत गेलं की शेवटी एकसारखीच विधानं शिल्लक राहतात. 'पोटात गोळा येतो', 'पोटात कसंतरी होतं', 'पोट ढवळतं' अशी तीन वाक्यं लिहिली तर अल्फा मुकाट्याने वर जातो, आणि प्रश्नावली मात्र गणिताच्या भीतीची न राहता पोटाची होते. ०.९५च्या पुढचा अल्फा दिसला की कौतुक करण्याआधी विधानं शेजारी-शेजारी ठेवून वाचावीत. बरेचदा तीच गोष्ट शब्द बदलून पुन्हा विचारलेली असते.

बाई : आता आणखी एक. समजा मी गणिताच्या भीतीची सहा विधानं घेतली आणि त्यांत मराठी वाचनाच्या आवडीची सहा मिसळली. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही असं धरा. बारा विधानांची एकच बेरीज केली तर तुमचा अल्फा मला रंगेहाथ पकडेल ना?

सर : गटाच्या आत सहसंबंध किती धरू?

बाई : ०.६ धरा. आणि एका गटातल्या विधानाचा दुसऱ्या गटातल्या विधानाशी शून्य.

सर : प्रत्येक विधानाचं प्रचरण १ मानू, म्हणजे बारांचं १२. एका गटात सहा विधानांच्या पंधरा जोड्या, दोन गटांत तीस. प्रत्येक जोडी बेरजेच्या प्रचरणात दोनदा येते. साठ गुणिले ०.६ म्हणजे ३६. एकूण प्रचरण ४८. एक वजा १२ भागिले ४८, म्हणजे ०.७५. गुणिले बारा-अकरांश. ०.८२.

बाई : ०.८२! म्हणजे मार्गदर्शक खूश. आणि माझ्या बेरजेला तर काही अर्थच नाही. वीस गुण मिळालेला मुलगा घाबरट आहे की वाचनवेडा आहे, हे कुणालाच कळणार नाही.

सर : हे खरं आहे आणि ते मी नाकारत नाही. विधानं एकाच गोष्टीबद्दल आहेत का, हा प्रश्न अल्फाला विचारायचाच नसतो. अल्फा सगळ्या जोड्यांच्या एकत्र सरकण्याचा मिळून विचार करतो. त्या जोड्या एका गठ्ठ्यात आहेत की दोन, हे त्याला दिसत नाही. त्यासाठी सहसंबंधांचा पूर्ण तक्ता समोर ठेवावा लागतो. या उदाहरणात तो तक्ता नुसता डोळ्यांनी पाहिला तरी दोन भरलेले चौकोन आणि दोन रिकामे चौकोन दिसतील. मोठ्या प्रश्नावलीत घटक विश्लेषण करावं लागतं.

बाई : मग सगळे प्रबंध 'अल्फा ०.८२, म्हणून चाचणी एकजिनसी आहे' असं का लिहितात?

सर : ते चूक लिहितात. विधानं जितकी जास्त तितका अल्फा वर चढतो, हेही त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. विधानांमधला सरासरी सहसंबंध अवघा ०.२ असला तर पाच विधानांना अल्फा ०.५६ येतो, वीस विधानांना ०.८३ आणि चाळीस विधानांना ०.९१. विधानांचा दर्जा तोच, फक्त संख्या वाढली. अर्थात यात फसवणूक नाही. जास्त विधानांची बेरीज खरंच जास्त स्थिर असते, कारण योगायोगाचे चढउतार एकमेकांना खाऊन टाकतात. पण त्यावरून विधानं एकमेकांशी घट्ट जुळलेली आहेत असं म्हणता येत नाही. म्हणून अल्फासोबत विधानांची संख्या आणि सरासरी सहसंबंध सांगितला नाही तर आकडा अर्धाच कळतो.

बाई : मी एक करून पाहिलं होतं. पाचपैकी अ आणि इ यांना बाजूला ठेवलं. एक फार घाबरट, दुसरी मुळीच न घाबरणारी. मधल्या तिघांवर तोच हिशोब केला तर ०.७६ आला. विधानं तीच, मी तीच, प्रश्नावली तीच.

सर : बरोबरच आहे. टोकाची मुलं गेली की बेरजेचं प्रचरण २२वरून ८.२वर येतं. विधानांचं विखुरणंही कमी होतं, पण त्या मानाने कमी. अल्फा हा मुलांमधल्या खऱ्या फरकाचं त्यांच्या एकूण फरकाशी असलेलं प्रमाण सांगायचा प्रयत्न करतो. मुलांमध्ये फरकच थोडा असेल तर गोंधळाचा वाटा मोठा दिसणारच. नुसत्या हुशार तुकडीवर घेतलेल्या चाचणीचा अल्फा मिश्र तुकडीपेक्षा कमी आला तर चाचणी बिघडली असं समजू नये.

बाई : मग 'या चाचणीची विश्वसनीयता ०.८९ आहे' असं छापील चाचण्यांच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं, ते?

सर : ते अपुरं आहे. विश्वसनीयता चाचणीच्या कागदाला चिकटलेली नसते. ती या गटाने, या वेळी मिळवलेल्या गुणांची असते. पुण्यातल्या शहरी शाळांत काढलेला ०.८९ हा गडचिरोलीतल्या आश्रमशाळेत प्रश्नावली देताना उसना घेता येत नाही. तिथल्या मुलांचा तक्ता घेऊन तो पुन्हाच काढावा लागतो.

या एका बाबतीत दोघांचं सुरुवातीपासून एकमत होतं, असं मला वाटतं, फक्त दोघंही ते वेगवेगळ्या शब्दांत सांगत होते. आपल्याकडच्या प्रबंधांत मात्र याची फार हेळसांड होते. परदेशात प्रमाणित झालेली प्रश्नावली मराठीत आणायची आणि अल्फा मूळ पुस्तिकेतला छापायचा, हे सर्रास चालतं. भाषांतरात 'मला सहसा काळजी वाटत नाही' यासारखं नकारार्थी वाक्य आलं की सातवीची मुलं त्यातला नकार वाचतच नाहीत, आणि ते विधान उलटवूनसुद्धा बाकीच्यांविरुद्ध जातं. मूळ पुस्तिकेतल्या आकड्यात हे कसं दिसणार? ते मुलांच्या गुणांच्या तक्त्यातच दिसतं.

बाई : शेवटचं विचारते. ०.७० हा आकडा आला कुठून?

सर : जम नन्नली यांच्या 'सायकोमेट्रिक थिअरी' या ग्रंथातून, बहुतेक जण तिथलाच दाखला देतात. पण १९७८च्या आवृत्तीत त्यांनी ०.७० हा संशोधनाच्या सुरुवातीच्या टप्प्यासाठी सांगितला आहे. मूलभूत संशोधनाला ०.८० आणि एखाद्या माणसाबद्दल महत्त्वाचा निर्णय घ्यायचा असेल तर किमान ०.९०, शक्यतो ०.९५, असं त्यांचं म्हणणं. आपण त्यातला सगळ्यात खालचा आकडा उचलला आणि सगळीकडे लावला.

बाई : म्हणजे माझ्या प्रश्नावलीवरून मी वर्गांची तुलना केली तर ०.८० चालेल. पण अला समुपदेशकाकडे पाठवायचं की नाही हे त्याच बेरजेवरून ठरवायचं असेल तर नाही.

सर : नाही. आणि तिथे ०.९२ आला तरी मी तुम्हाला आधी त्या मुलाशी बोलायलाच सांगेन.

बाई : हे तुम्ही पहिल्यांदाच माझ्या भाषेत बोललात.

सर : तुम्हीही सगळा हिशोब हाताने केलात. आता हीच चार विधानं आणि आणखी दहा-बारा घेऊन दोनशे-तीनशे मुलांना द्या. परीक्षेच्या भीतीची चार-पाच विधानं त्यात असू द्या, म्हणजे तिसरं एकटं पडणार नाही. मग त्या विधानांचा वेगळा अल्फा काढा आणि वर्गातल्या भीतीच्या विधानांचा वेगळा. दोन्ही गटांच्या बेरजांचा एकमेकींशी सहसंबंधही काढा. तो फार कमी आला तर दोन्हींची मिळून एक बेरीज करू नका.

दोघांमध्ये निवाडा करायची वेळ आली तर मी असा करीन. उलटवायचं राहिलेलं विधान, भाषांतरात हरवलेला नकार, एक्सेलमध्ये चुकलेला भाजक या गोष्टी पकडायला सरांचा अल्फा हवाच, आणि तो प्रत्येक नव्या गटावर नव्याने काढलेला हवा. विधान ठेवायचं की गाळायचं हा निर्णय मात्र बाईंसारख्या विषय जाणणाऱ्या माणसाचा आहे. दोन-तीन शतांशांच्या वाढीसाठी तो संगणकाच्या रकान्यावर सोपवू नये. प्रबंध तपासणाऱ्या मार्गदर्शकांना माझी एक विनंती आहे : अल्फा किती आला हे विचारण्याआधी विद्यार्थ्याकडे विधानवार गुणांचा तक्ता मागा, त्यातल्या निदान दहा मुलांच्या ओळी स्वतः वाचा, आणि विधानांची संख्या, सरासरी सहसंबंध व गटाचं वर्णन अल्फाच्याच ओळीत लिहायला लावा.